राउटरमधला डीएनएस बदलताना: वेग किती, बचाव किती?

(चाकूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आज एकच गोष्ट बघू. राउटरमध्ये डीएनएस बदलला की काय होतं, आणि ते झालंय की नाही हे कसं ओळखायचं.

आपण ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचं नाव टाकतो. पण यंत्राला लागतो आकड्यांचा पत्ता. नाव सांगून पत्ता विचारायचा, तो डीएनएस सर्व्हरला. आपण काही बदललं नसेल तर हा सर्व्हर बहुधा इंटरनेट देणाऱ्या कंपनीचाच असतो.

आधी वेगाचं बोलू. समजा चाकूरच्या एका सेवा केंद्रात तीन कॉम्प्युटर एकाच राउटरवर आहेत. सध्याचा डीएनएस उत्तराला ७० मिलिसेकंद घेतो आणि नवा २५ घेतो. एका नावामागे वाचले ४५. पान उघडताना दहा नावं एकामागून एक विचारावी लागली तर जवळजवळ अर्धा सेकंद वाचतो. पण एकदा विचारलेलं नाव कॉम्प्युटर काही काळ लक्षात ठेवतो, आणि फाइल उतरताना किंवा व्हिडिओ चालताना डीएनएसचा संबंधच उरत नाही. म्हणजे २० एमबीपीएसचं कनेक्शन काही ४०चं होत नाही. आणि नवा सर्व्हर आपल्यापासून लांब पडला तर उलट हळूही होईल.

बचावाचं मोल मात्र जास्त आहे. क्वाड९ ही सेवा २०१७ साली सुरू झाली. तिचा पत्ता 9.9.9.9, आणि दुसरा 149.112.112.112. फसवणुकीचं म्हणून नोंदलेलं नाव विचारलं की ती पत्ता देतच नाही, ‘असं नावच नाही’ म्हणते. लिंकवर चुकून बोट पडलं तरी पान उघडत नाही.

आता कृती. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुतेक ठिकाणी तो 192.168.1.1 असतो, आणि लॉगिन करा. इंटरनेट किंवा WAN विभागात डीएनएस आपोआप घेण्याचा पर्याय बंद करून दोन्ही रकान्यांत वरचे दोन पत्ते भरा. काही राउटरमध्ये ही जागा DHCP विभागात असते. जुने आकडे आधी वहीत लिहून ठेवा. सेव्ह करून राउटर बंद-चालू करा.

इथे एक चूक हमखास होते. पहिल्या रकान्यात 9.9.9.9 आणि दुसऱ्यात ‘असू द्या’ म्हणून गाळणी नसलेला 8.8.8.8. दुसरा सर्व्हर फक्त पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल अशी खात्री नसते. त्यामुळे फसवं पान कधी अडतं, कधी उघडतं. दोन्ही पत्ते एकाच सेवेचे हवेत.

मग तपासायचं. क्वाड९नं चाचणीसाठीच एक नाव अडवून ठेवलंय. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहा:

```
nslookup isitblocked.org 9.9.9.9
nslookup isitblocked.org
```

पहिली ओळ थेट क्वाड९ला विचारते, दुसरी आपल्या नेहमीच्या मार्गानं. दोन्हींना Non-existent domain आलं तर काम झालं. Server पुढे 192.168.1.1 दिसला म्हणून गडबडू नका, राउटर मधला निरोप्या आहे इतकंच. पहिलीला नकार आणि दुसरीला पत्ता आला, तर सेटिंग लागू झालेलं नाही, किंवा कनेक्शनवर आयपीव्ही६ चालू आहे आणि तिथला डीएनएस जुनाच राहिलाय. तिथे 2620:fe::fe भरावा लागतो. आणि पहिलीलाही पत्ता आला, तर कंपनी आपला प्रश्न वाटेतच अडवून स्वतः उत्तर देत असण्याची शक्यता आहे. मग राउटरमध्ये कितीही बदल केला तरी उपयोग नाही.

मोबाइलचं वेगळं. अँड्रॉइडच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये कुणी दुसरी सेवा भरली असेल, तर तो फोन राउटरला विचारतच नाही. ब्राउझरच्या ‘सिक्युअर डीएनएस’चंही तसंच.

मर्यादा सांगतो. ही गाळणी फक्त नाव बघते. आज सकाळी बनवलेलं फसवं नाव यादीत नसेल तर ते उघडणारच. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइलही ती थांबवत नाही, कारण ती व्हॉट्सअ‍ॅपच्याच सर्व्हरवरून येते.

शेवटचं. जी जागा आपण बदलतो, ती चोरही बदलू शकतो. डीएनएसचेंजर नावाच्या टोळीनं जगभरातल्या लाखो कॉम्प्युटरांत स्वतःचे डीएनएस पत्ते घुसवले होते. २०११ साली ती पकडली गेली. तिच्या सर्व्हरऐवजी तात्पुरते चांगले सर्व्हर बसवले आणि ९ जुलै २०१२ला ते बंद केले. ज्यांनी तोवर दुरुस्ती केली नव्हती, त्यांना नावानं एकही पान उघडेना. त्या टोळीचा व्हायरस admin/admin असे सोपे पासवर्ड लावून राउटरमध्येही शिरायचा. म्हणून डीएनएस भरून झाला की त्याच बैठकीत राउटरचा पासवर्ड बदला, आणि नंतर कधी आपण भरलेल्यापेक्षा वेगळे आकडे तिथे दिसले तर समजा, कुणीतरी आत येऊन गेलंय.