‘जरा उठाव नाही’ म्हणजे नेमकं काय?

काकूंनी मोबाइलवरचं चित्र दोन बोटांनी मोठं करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘छान झालंय गं, पण जरा उठाव नाही.’ इंग्रजीत बोलणारे ग्राहक यालाच ‘मेक इट पॉप’ म्हणतात. डिझाइनच्या कामात हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. बोलणाऱ्याला काहीतरी खरोखर खुपलेलं असतं, पण ते कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही. ते शोधणं आपलं काम.

काकू दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्या दारात लावायला मी दोन फूट रुंद, पाच फूट उंच स्टँडी करत होते. नारिंगी पार्श्वभूमी, त्यावर पिवळ्या अक्षरांत ‘दिवाळी फराळ’, वर तोरण, मध्ये आठ पदार्थांचे आठ फोटो, खाली पणत्या आणि फोन नंबर. ‘उठाव नाही’ म्हटल्यावर मी अक्षरांना जाड सावली दिली, कडेला चमक दिली, पणत्या वाढवल्या. काकू म्हणाल्या, ‘अजून नाही.’ त्यांचं बरोबर होतं. सावलीमुळे ‘दिवाळी’ आणि ‘फराळ’ या दोन्ही शब्दांतल्या ‘ळ’च्या वाट्या बुजून गेल्या होत्या. देवनागरीत जाडी वाढवताना हे हमखास होतं. शिवाय सगळंच चमकायला लागल्यावर डोळा थांबणार कुठे? एकसारख्या गोष्टींत एखादीच वेगळी असेल तर ती जास्त लक्षात राहते, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1933 मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. माझ्या स्टँडीत सगळ्याच गोष्टी वेगळ्या होत्या.

मग मी काकूंना घेऊन रस्त्याच्या पलीकडे गेले. कच्चा प्रिंट त्यांच्या दारात टेकवून ठेवला होता. अंतर साधारण तीस फूट. उपाय विचारायच्याऐवजी मी त्यांना विचारलं, ‘काकू, पहिल्यांदा काय दिसलं?’
‘पणत्या.’
‘आणि काय दिसायला हवं होतं?’
‘फराळ मिळतो हे. आणि ऑर्डर कधीपर्यंत द्यायची ते. लोक ऐनवेळी येतात गं, मग मला नाही म्हणावं लागतं.’

तारीख स्टँडीवर होती, पण फोन नंबराखाली, बारीक अक्षरांत. ‘उठाव नाही’ या दोन शब्दांमागे ही अडचण दडलेली होती. मी वहीत लिहिलं: तीस फुटांवरून आधी ‘दिवाळी फराळ’, मग शेवटची तारीख, मग नंबर. आता काम मोजता येण्याजोगं झालं.

फलक करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशोब आहे: दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. म्हणजे तीस फुटांना किमान तीन इंच. माझा मथळा दोनच इंचांचा होता. तो चार केला. त्यासाठी तोरण गेलं आणि आठ फोटोंच्या जागी चकल्यांच्या ताटाचा एकच मोठा फोटो आला. बाकीचे पदार्थ बारीक अक्षरांत एका यादीत बसले, कारण ते जवळ आलेल्या माणसानेच वाचायचे असतात.

रंगाचा दोष मात्र नुसता पाहून कळत नव्हता. चित्र कृष्णधवल केलं तेव्हा मथळा फिकट राखाडीवर आणखी फिकट राखाडी होऊन बसला. पिवळा आणि नारिंगी दोन्ही भडक, पण उजळपणात एकमेकांच्या जवळ. माझ्या त्या दोन छटांमधला कॉन्ट्रास्ट जेमतेम 2.2 भरला. वेबसाइटसाठीच्या सुलभतेच्या नियमांत मोठ्या अक्षरांनाही किमान 3 लागतो. तो नियम पडद्यासाठी असला तरी अंदाज घ्यायला इथेही उपयोगी पडतो. पार्श्वभूमी गडद मरून केली, पिवळा तोच ठेवला, आणि आकडा साडेनऊच्या पुढे गेला. सावलीची गरजच उरली नाही.

नवं प्रूफ पाहून काकू म्हणाल्या, ‘आता जरा रिकामं वाटतंय.’ इथे पुन्हा पणत्या भरायचा मोह होतो. मी विचारलं, ‘कुठे?’ त्यांनी चकल्या आणि नंबर यांच्यामधल्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मथळ्याभोवतीची मोकळी जागा त्यांना खटकत नव्हती. मी तारीख त्या पट्ट्यात आणून तीन इंचांची केली. त्या फेरीत दुसरं काहीही बदललं नाही, नाहीतर काकूंना नेमकं काय पटलं हे कळलं नसतं.

ही पद्धत दर वेळी चालतेच असं नाही. कधी ग्राहकाला मरून रंगच आवडत नाही. तिथे आकडे दाखवून वाद घालण्यात अर्थ नसतो, तितकाच गडद दुसरा रंग शोधावा. कधी ‘फिकट वाटतंय’ ही तक्रार छपाईची असते. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी शाईत तसा उतरत नाही, आणि डिझाइन कितीही बदललं तरी ते दुखणं जात नाही. म्हणून मी आता चित्र मोबाइलवर एकटं पाठवत नाही. ते जिथे लागणार त्या जागेच्या फोटोत बसवून पाठवते, आणि छापण्याआधी त्याच मशीनवर, त्याच फ्लेक्सवर हातभर तुकडा काढून घेते. काकूंचा तुकडा आम्ही दोघींनी दारात धरून पाहिला, संध्याकाळी दिवे लागल्यावरसुद्धा, कारण त्यांची गिऱ्हाइकं कामावरून परतताना त्याच वेळी तिथून जातात.