सरासरी वाढली, मग आमच्या मुलीचे गुण कमी कसे?



दुसऱ्या चाचणीचा निकाल घरी गेला की बुधवार पेठेतल्या आमच्या शाळेच्या दारात अम्मी-अब्बांचा एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, निकालपत्रावर लिहिलंय की वर्गाची सरासरी वाढली. पण आमच्या मुलीचे गुण कमी झाले, शेजारच्या मुलाचेही कमी झाले. मग वाढले कोणाचे? का आकड्यातच गडबड आहे?"

आकड्यात गडबड नसते. बहुतेक मुलांचे गुण उतरले तरी वर्गाची सरासरी चढू शकते. ते कसे, हे एकदा नीट पाहून घेतले तर निकालाच्या दिवशी घरात होणारी बरीच रडारड टळेल.

वर्ग मोठा असतो. हिशेब डोळ्यासमोर राहावा म्हणून दहाच मुलांचा नमुना घेऊ. सातवीचा वर्ग, गणिताचा पेपर, एकूण गुण ५०. पहिल्या चाचणीत गुण पडले ते असे:

४६, ४३, ४१, ३८, ३६, ३४, ३२, १२, १०, ८

दुसऱ्या चाचणीत त्याच मुलांना, त्याच क्रमाने:

४४, ४०, ३८, ३६, ३३, ३१, २९, २५, २४, २०

पहिल्या सात मुलांकडे पाहा. प्रत्येकाचे दोन किंवा तीन गुण कमी झाले आहेत. म्हणजे दहातल्या सात घरांत "यंदा घसरला" असेच म्हटले जाणार. आता बेरीज करा. पहिल्या वेळची बेरीज ३००, सरासरी ३०. दुसऱ्या वेळची बेरीज ३२०, सरासरी ३२. सरासरी दोन गुणांनी वाढली.

सरासरी म्हणजे वर्गाचे सगळे गुण एका पातेल्यात ओतायचे आणि सर्वांना सारखे वाटायचे. पातेल्यात कोणी किती टाकले आणि कोणी किती काढले, हे वाटणीनंतर दिसत नाही. इथे सात मुलांनी मिळून १९ गुण गमावले. शेवटच्या तिघांनी मात्र १३, १४ आणि १२, असे ३९ गुण कमावले. ३९ मधून १९ गेले, २० उरले. ते दहा जणांत वाटले की प्रत्येकी दोन. किती मुले वर गेली आणि किती खाली आली हे सरासरी मोजतच नाही. ती फक्त बेरीज पाहते.

ही वाढ खोटी मात्र नाही. ३५ टक्क्यांना पास धरले तर ५० पैकी १८ गुण लागतात. पहिल्या चाचणीत ही तिन्ही मुले नापास होती, दुसऱ्या चाचणीत तिघेही पास आहेत. पाढे आणि अपूर्णांक यांचा वेगळा तास घेतला की असा फरक पडू शकतो. त्या तीन घरांसाठी ही वर्षातली सर्वात मोठी बातमी आहे.

आता उरलेल्या सात घरांचा प्रश्न. ३४ वरून ३१ वर आलेल्या मुलाचे पाहू. पहिल्या वेळी तो सरासरीच्या चार गुण वर होता, आता एक गुण खाली आहे. निकालपत्र पाहून अब्बा म्हणतात, "आधी वर्गापेक्षा पुढे होतास, आता मागे पडलास." लगेच आप्पा बळवंत चौकात जाऊन अपेक्षित प्रश्नसंच येतो, संध्याकाळचा खेळ बंद होतो. प्रत्यक्षात मुलाचे तीनच गुण गेले आहेत, आणि वर्गातला त्याचा सहावा नंबर दोन्ही वेळेला तोच आहे. सरासरीची रेघ वर सरकली म्हणून तो तिच्याखाली दिसतो.

म्हणून सरासरीच्या जोडीला आणखी एक आकडा विचारत जा: मधला गुण. नववीच्या पुस्तकात त्याला मध्यक म्हणतात. गुण चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावून अगदी मधला घ्यायचा. मुले दहा असतील तर पाचव्या आणि सहाव्या गुणांच्या मधोमधचा. पहिल्या वेळी ३६ आणि ३४, म्हणून मध्यक ३५. दुसऱ्या वेळी ३३ आणि ३१, म्हणून ३२. सरासरी दोनने चढली, मध्यक तीनने उतरला. दोन आकडे उलट्या दिशांना गेले की समजावे, वर्गाच्या एका टोकाला मोठा बदल झाला आहे आणि बाकीच्यांचे काही वेगळेच चालले आहे.

मग त्या सात जणांचे गुण गेले का? सातही जण जवळपास सारखेच उतरले असतील तर कारण बहुधा एकेका मुलात नसते, सगळ्यांना समान असलेल्या गोष्टीत असते. अशा दोन गोष्टी असू शकतात. एक, पेपर अवघड होता. दोन, शेवटच्या मुलांना वेळ देताना बाकीच्यांचा सराव कमी पडला. यातले कोणते, हे उत्तरपत्रिकाच सांगते. शेकडा नफा-तोट्याच्या नव्या शाब्दिक उदाहरणांतच गुण गेले असतील आणि जुनी आकडेमोड शाबूत असेल, तर नवा धडा अजून मुरायचा आहे. पहिल्या चाचणीत बरोबर आलेल्या प्रकारची उदाहरणेही चुकू लागली असतील, तर सराव कमी पडला आहे आणि ते शाळेला सांगितलेच पाहिजे. बाकीचे दोन-तीन गुणांनी उतरले आणि एखादेच मूल दहा गुणांनी उतरले, तर मात्र त्या मुलाशी शांतपणे बोलावे: तब्येत, डोळ्यांचा नंबर, घरातली काही चिंता.

सरासरी फसवू शकते ती दुसऱ्या एका वाटेने. समजा, शेवटची तीन मुले दुसऱ्या चाचणीला बसलीच नाहीत. कोणी गावाकडे लग्नाला गेले, कोणी कोंढव्याला राहायला गेले म्हणून दाखला काढला. उरलेल्या सात जणांची बेरीज २५१, भागिले ७, सरासरी जवळजवळ ३६. म्हणजे सरासरी ३० वरून ३६ झाली, आणि पेपर दिलेल्या प्रत्येक मुलाचे गुण मात्र उतरलेले! इथे कोणीच काही कमावले नाही, फक्त कमी गुणांची मुले हिशेबातून गळाली. उलटही होते. गैरहजर मुलाला एका चाचणीत शून्य धरले आणि पुढच्या वेळी तो हजर राहिला, तर तो साधारणच शिकला असला तरी सरासरी उडी मारते.

म्हणून पालक सभेत सरासरी ऐकली की तीन गोष्टी विचारा. दोन्ही वेळेला पेपरला किती मुले होती, आणि गैरहजर मुलांना शून्य धरले का वगळले? मधला गुण किती होता? किती मुलांचे गुण वाढले, किती जणांचे कमी झाले? शाळेच्या गुणतक्त्यात ही तिन्ही उत्तरे असतात, ती काढायला शिक्षकांना दहा मिनिटे पुरतात.

आणि घरी मुलाचा कागद हातात घेतला की वर्गाची सरासरी क्षणभर झाकून ठेवा. त्याची पहिली उत्तरपत्रिका आणि दुसरी उत्तरपत्रिका शेजारी ठेवून, कोणते उदाहरण तेव्हा आले आणि आता अडले, ते त्याच्याकडूनच समजून घ्या.