ब्रेथवेट सरांचा वर्ग

मास्तरांना पळवून लावणारा वर्ग आणि त्याला हळूहळू जिंकणारा नवा शिक्षक ही गोष्ट अनेकांनी लिहिली. ई. आर. ब्रेथवेट यांचे 1959चे ‘टू सर, विथ लव्ह’ मला त्यात सर्वांत खरे वाटते, कारण त्यातला बदल एका भाषणाने होत नाही.

ब्रेथवेट ब्रिटिश गयानाचे. महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते आणि इंजिनिअरिंग शिकलेले होते. पण कातडीच्या रंगामुळे लंडनमध्ये त्या कामाची नोकरी मिळेना, म्हणून ते ईस्ट एंडच्या गरीब वस्तीतल्या शाळेत शिक्षक झाले. छडी तिथे बंद होती. मुले दर आठवड्याला शाळेविषयी आणि शिक्षकांविषयी मनातले मोकळेपणाने लिहून देत.

मुलांचा विरोध टप्प्याटप्प्याने वाढतो. आधी ती गप्प बसतात. सांगितलेले करतात, पण ऐकत नाहीत. मग ऐन वाचनात डेस्कची झाकणे आपटू लागतात. त्यानंतर शिवराळ बोलणे सुरू होते. एके दिवशी वर्गातल्या शेगडीत वापरलेले सॅनिटरी नॅपकिन जळताना दिसते आणि सरांचा तोल जातो. ते मुलांना बाहेर काढतात आणि मुलींना फैलावर घेतात.

चिडून वर्ग सुधारला असता तर आधीच्या शिक्षकांनाही ते जमले असते. ब्रेथवेट विचार करतात, की ही मुले लवकरच शाळा सोडून कामाला लागणार आहेत. मग त्यांना मोठ्या माणसांसारखेच का वागवू नये? दुसऱ्या दिवसापासून मुलींना ‘मिस’ म्हणायचे, मुलांना आडनावाने हाक मारायची आणि मुलांनी त्यांना ‘सर’ म्हणायचे, असे ठरते. ही नुसती रीतभात नव्हे. ज्याला मानाने हाक मारली, त्याच्यावर मग वाटेल तसे खेकसता येत नाही. नियम शिक्षकालाही बांधून घेतो. तरी डेनहॅम नावाचा दांडगा मुलगा बॉक्सिंगच्या तासाला त्यांना आव्हान देतोच. पोटात एक ठोसा बसल्यावर तो नमतो. कादंबरीतला हा मार्ग मला पटत नाही. छडी नसलेल्या शाळेतही ताकद दाखवल्याशिवाय लेखकाचे भागलेले नाही.

पुढे वर्गातल्या सील्सची आई वारते. त्याचे वडील कृष्णवर्णी. मुले वर्गणी काढून पुष्पचक्र घेतात, पण ते त्याच्या घरी न्यायला कोणी तयार होत नाही. काळ्या माणसाच्या घरी गेलो तर लोक काय म्हणतील, ही भीती. ब्रेथवेट यांना ते फार लागते. पामेला डेअर तेवढी पुढे येते. अंत्ययात्रेच्या दिवशी मात्र सर तिथे पोहोचतात, तेव्हा अख्खा वर्ग आधीच आलेला असतो. सरांना मान देणाऱ्या मुलांनाही सील्सच्या दारापर्यंत यायला आणखी वेळ लागला, आणि लेखकाने तो वेळ वगळलेला नाही.