अहवालातले किलो, दुकानातल्या गोण्या : माती परीक्षण असे वाचा

शिरूर, दौंड : माती परीक्षणाच्या अहवालात ‘उपलब्ध नत्र २१० किलो प्रति हेक्टर, कमी’ असे छापलेले असते. अनेकांना वाटते, एवढे नत्र टाकायचे आहे. प्रत्यक्षात तो जमिनीत आधीच असलेला साठा आहे. टाकायचे किती, हे खालच्या शिफारशीत असते. तीही हेक्टरी आणि शुद्ध अन्नद्रव्यात. शेतकरी मात्र एकरात मोजतो आणि गोणी विकत घेतो. अडचण होते ती इथेच.

शिरूरमधल्या रब्बी कांद्याचे उदाहरण घेऊ. प्रचलित शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश अशी आहे. समजा अहवालात नत्र कमी, स्फुरद मध्यम आणि पालाश जास्त आहे. सर्वसाधारण नियम असा, की ‘कमी’ असेल तर मात्रा पाव हिश्शाने वाढवायची, ‘जास्त’ असेल तर पाव हिश्शाने घटवायची, ‘मध्यम’ला हात लावायचा नाही. म्हणजे १२५, ५० आणि साडेसदतीस. अडीचने भागले की एकरी ५०, २० आणि १५ किलो.

आता गोण्या. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असते. २० किलोसाठी १२५ किलो, म्हणजे अडीच गोण्या लागतात. त्यातून कांद्याला हवे असलेले गंधकही मिळते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते, तेव्हा २५ किलो, अर्धी गोणी पुरे. युरियात ४६ टक्के नत्र. ५० किलोसाठी साधारण १०९ किलो. युरियाची गोणी ४५ किलोची असते, हे हिशेबात विसरले जाते. लागवडीला ५५ किलो युरिया आणि बाकीची दोन्ही खते पूर्ण द्यायची. उरलेला युरिया ३० आणि ४५ दिवसांनी निम्मा निम्मा. त्यानंतर नत्र दिले तर माना जाड होतात आणि कांदा चाळीत टिकत नाही.

सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी घेतले तर ४३ किलो पुरते. मात्र त्यातून आठ किलो नत्रही जाते. ते वजा केले की युरिया ९१ किलोवर, म्हणजे दोन गोण्यांवर येतो. ही वजाबाकी राहून जाते आणि नत्र जादा पडते.

दौंडच्या सुरू उसालाही हीच रीत. हेक्टरी २५०:११५:११५ म्हणजे एकरी १००:४६:४६. स्फुरदाला डीएपीच्या नेमक्या दोन गोण्या.

एक खबरदारी मात्र हवी. मृद आरोग्य पत्रिकेसाठी बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घेण्याची पद्धत आहे. तो शेजारच्या बांधापलीकडचाही असू शकतो. पत्रिकेवर गट नंबर आपला असला, तरी नमुना कुठून घेतला ते विचारावे. शेणाच्या ढिगाजवळून, झाडाखालून किंवा नुकतेच खत टाकलेल्या वाफ्यातून माती उचललेली असेल, तर वरचा सारा हिशेब चुकीच्या आकड्यावर उभा राहतो.