निघून जाणाऱ्या संस्थापकाचे समभाग

ॲप काढणाऱ्या दोघा-तिघांत कंपनीचे समभाग वाटताना कल्पना मुळात कोणाला सुचली, याला नको तितके वजन दिले जाते. कल्पना सुचून गेलेली असते; समभाग हा पुढच्या चार-पाच वर्षांच्या कामाचा मोबदला असतो. म्हणून नोकरी सोडून पूर्ण वेळ कोण देणार, बिनपगारी किती महिने काढणार आणि कोणाच्या जागी दुसरा माणूस मिळणे कठीण आहे, यावर वाटणी ठरवणे योग्य. कोणी खिशातून पैसे घातले असतील, तर ते संचालकाने कंपनीला दिलेले कर्ज म्हणून नोंदवलेले बरे. पैसे आणि श्रम एकाच टक्केवारीत कोंबले की पुढे हिशेब लागत नाही.

दोघांनी निम्मे-निम्मे घेण्यात गैर काही नाही, पण मग मते समसमान पडली तर ठराव मंजूर होत नाही. यावरचा उपाय म्हणजे कामाबरोबर निर्णयाचा अधिकारही वाटणे: ॲपची रचना, कोड आणि तंत्रज्ञांची भरती यांत अखेरचा शब्द एकाचा, दर, विक्री आणि खर्च यांत दुसऱ्याचा. कर्ज काढणे किंवा कंपनी विकणे यांसारख्या मोजक्या गोष्टींना मात्र दोघांची संमती हवी.

खरी कसोटी लागते ती एकजण बाहेर पडतो तेव्हा. समजा, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे प्रत्येकी 10 रुपयांचे 10,000 समभाग आहेत. धंदा सांभाळणाऱ्याकडे 6,000 आणि कोड लिहिणाऱ्याकडे 4,000. दीड वर्षाने कोड लिहिणाऱ्याला चांगली नोकरी मिळते आणि तो जातो. काहीच ठरलेले नसेल तर 40 टक्के मालकी त्याच्याबरोबर जाते. भारतीय कंपनी कायद्यानुसार विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने लागतात, आणि निवडक गुंतवणूकदाराला नवे समभाग देण्यासाठी असाच ठराव करावा लागतो. म्हणजे कामावर नसलेला माणूस कंपनीत येणारे भांडवल अडवू शकतो. पुष्कळ गुंतवणूकदार अशी मालकी पाहूनच मागे फिरतात.

यासाठी ‘व्हेस्टिंग’ची अट असते. समभाग पहिल्या दिवसापासून संस्थापकाच्या नावावर असतात, पण ते चार वर्षांत, म्हणजे 48 महिन्यांत, थोडेथोडे पक्के होतात. पहिले वर्ष पुरे होण्याआधी गेला तर एकही समभाग पक्का होत नाही. याला ‘क्लिफ’ म्हणतात. वरच्या उदाहरणात 18 महिन्यांचे 1,500 समभाग पक्के झाले. उरलेले 2,500 त्याने दर्शनी किमतीला, 25,000 रुपयांत, दुसऱ्या संस्थापकाला द्यायचे. आता मालकी 85 आणि 15 टक्के होते. केलेल्या कामाचा वाटा जाणाऱ्याकडे राहतो, पण विशेष ठराव अडवण्याइतकी मते राहत नाहीत.

समभाग कंपनीनेच परत विकत घेण्यावर कायद्याच्या बऱ्याच मर्यादा आहेत, म्हणून ते उरलेल्या संस्थापकाकडे जाणे सोयीचे. मात्र बाजारमूल्यापेक्षा कमी किमतीत घेतल्यास फरकावर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागू शकतो. कंपनीचे मूल्य वाढल्यानंतर हे दुखणे मोठे होते.

जाण्याचे कारणही करारात धरावे लागते. आजारपण, मृत्यू किंवा संमतीने बाहेर पडणे असेल तर पक्के समभाग त्याच्याकडे किंवा वारसांकडे राहतात. अफरातफर सिद्ध झाली तर पक्के समभागही दर्शनी किमतीला परत घेण्याची अट घालता येते. ‘गैरवर्तन’ म्हणजे काय हे शब्दांत नेमके लिहिलेले नसेल, तर भांडण तिथेच सुरू होते.

हा करार फक्त दोघांच्या सह्यांचा ठेवून भागत नाही. समभाग हस्तांतरणावरील बंधन कंपनीच्या आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये नसेल तर ते कंपनीवर बंधनकारक ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1991चा रंगराज खटल्यातील निकाल आहे. कराराच्या अटी आर्टिकल्समध्ये उतरवणे ही पायरी हमखास राहून जाते.

ॲपच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. कंपनी नोंदण्यापूर्वी लिहिलेल्या कोडचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचाच असतो, आणि तो लेखी सहीशिवाय कंपनीकडे जात नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षेच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही उल्लेख हवेतच. Google Play Console, ॲपलचे डेव्हलपर खाते, डोमेन आणि सर्व्हरचे खाते हेही सुरुवातीपासून कंपनीच्या नावावर हवे. नाहीतर समभाग परत मिळतात, पण ॲपची पुढची आवृत्ती चढवायला जुन्या संस्थापकाचाच पासवर्ड लागतो.

गेलेल्या संस्थापकाने तसाच धंदा काढू नये, ही अट मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम 27मुळे सहसा टिकत नाही. कोड आणि ग्राहकांची माहिती सोबत न नेण्याची गोपनीयतेची अट त्याहून भक्कम ठरते.