बोललेले शब्द परत येऊ नयेत म्हणून

बंगळूरच्या चामराजपेटेतील शाखेत बैठक सुरू आहे. मुंबईच्या अधिकाऱ्याचा आवाज स्पीकरफोनमधून निघतो, तीन मीटरवरील भिंतीवर आपटून सुमारे 18 मिलिसेकंदांनी मायक्रोफोनमध्ये शिरतो. तो तसाच परत गेला, तर मुंबईत स्वतःचेच शब्द ऐकू येतील. मात्र मुंबईहून काय आले, हे यंत्रास ठाऊक असते. त्यावरून ते प्रतिध्वनीचा अंदाज बांधून वजा करते आणि उरलेल्या बाकीवरून, साध्या टेलिफोनवर सेकंदाला 8000 वेळा, अंदाज सुधारते. हाच अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर. खुर्ची सरकली, तरी हिशेब नव्याने जुळवावा लागतो. खरी पंचाईत दोघे एकदम बोलल्यास होते. व्यवस्थापकांचा आवाजच चुकीची बाकी समजला जातो, जुळलेला अंदाज बिघडतो आणि मुंबईत प्रतिध्वनी पुन्हा उमटतो. म्हणून तेवढा वेळ सुधारणा थांबवून केवळ वजाबाकी चालू ठेवतात.