घाम आहे, तरी उष्माघात

१६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही. आणि वाळल्याशिवाय तो अंग थंड करत नाही. चक्कर, मळमळ आहे, पण माणूस नीट बोलतोय, तोवर ती उष्णतेची दमणूक. सावली आणि मीठ-साखरेचं पाणी बहुधा पुरतं. तो असंबद्ध बरळू लागला, की अंग ओलं असलं तरी उष्माघातच समजावा. मग तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाईल. १०८ला फोन करावा आणि गाडीची वाट न पाहता अंगभर गार पाणी ओतून वारा घालावा. गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आत कोंडते, ही शंका कागदावर रास्त आहे. प्रत्यक्षात बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या खेळाडूंचं तापमान सर्वांत झपाट्याने उतरतं.